दोन बहिणी, मिरजेची गाडी आणि तिकिटाचा आकडा : सुगाव्यांचा क्रम बदलला तर चालेल का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. आमच्या फोंड्याच्या वाचक मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी एक लघुकथा लिहिली आहे. अंक बांधायला जाण्याआधी एका गोष्टीवर मत हवं आहे. कथेचा मधला भाग देते. कोडं स्वतः सोडवायचं असेल तर हळूहळू वाचा, उत्तर शेवटी आहे.

---

मामा रेल्वेत, त्याचा पास होता. मडगावच्या खिडकीवर त्याने भाच्यांची दोनच तिकिटं काढली आणि शालनच्या हातात ठेवली. जाड तपकिरी पुठ्ठा, त्यावर तारीख शाईशिवाय दाबलेली. उजेडाकडे तिरपी धरली तरच वाचता येई. आकडा मात्र काळा, ठसठशीत.

सावर्डे मागे पडलं आणि मामाचा डोळा लागला. मंदाने विचारलं, "ताई, माझं तिकीट दाखव गो."

"दाखवत नाही. ओळख. दोन्ही तिकिटं लागोपाठची आहेत, प्रत्येकावर चार आकडे. आठही आकड्यांची बेरीज सव्वीस."

मंदाने खाज्यांच्या पुडीचा कागद सरळ केला आणि पेन्सिल काढली. १२३४ आणि १२३५ घेतले, बेरीज एकवीस. २३४५ आणि २३४६ घेतले, एकोणतीस. आणखी दोन जोड्या करून पाहिल्या. "ताई, ही बेरीज दरवेळी विषम येते. सव्वीस येणारच नाही."

"येते. माझ्या हातात आहे."

कुळ्याला गाडी थांबली. घाट चढायला मागून इंजिन जोडत होते, डब्याला धक्का बसला. मंदाने १२३९ लिहिलं आणि खाली १२४०. पंधरा आणि सात, बावीस. सम! तिने पेन्सिल दातांत धरली. "पहिलं तिकीट नवावर संपतं. नवाचं शून्य झालं आणि शेजारचा एकाने वाढला, म्हणजे बेरीज आठाने उतरली. दोन बेरजांत फरक आठ, मिळून सव्वीस. एक सतरा, एक नऊ. नऊ काढले की पहिल्या तीन आकड्यांची बेरीज आठ!"

"मग सांग."

"अशी खूप आहेत गो."

"एकाही तिकिटावर कुठलाच आकडा दोनदा नाही."

बोगदे सुरू झाले. अंधार झाला की पेन्सिल थांबे, उजेड आला की चाले. दूधसागर आला तेव्हा सगळा डबा खिडक्यांकडे धावला. मंदा जागची हलली नाही. कॅसलरॉकला तिने यादी मोठ्याने वाचली. "२६०९, ६२०९, ३५०९, ५३०९, ३४१९, ४३१९, १५२९, ५१२९, १३४९, ३१४९, १२५९, २१५९. बारा."

शालनने कागद मागून घेतला, बराच वेळ बोट फिरवलं आणि परत दिला. "आत्ता मी तुला फक्त पहिला आकडा सांगितला, तर तुला दोन्ही तिकिटं कळतील."

मंदाने यादीवर फुल्या मारायला सुरुवात केली. एकावरून सुरू होणारी तीन, फुली. दोनाची दोन, फुली. तीनाची तीन, पाचाची दोन, फुल्या. सहाचं एकच होतं, चाराचंही एकच. ६२०९ किंवा ४३१९.

लोंढ्यापर्यंत शालन गप्प बसली. मग म्हणाली, "शून्य एकाच तिकिटावर आहे."

६२०९ च्या पुढचं ६२१०. शून्य दोन्हींवर. मंदाने शेवटची फुली मारली. "त्रेचाळीसशे एकोणीस आणि वीस. एकोणीस माझं!"

---

आता प्रश्न. मंडळातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं, शून्याचं वाक्य साधं आहे, ते कॅसलरॉकला घे. "पहिला आकडा सांगितला तर तुला कळेल" हे भारी वाक्य आहे, ते लोंढ्याला शेवटी ठेव. कथा म्हणून मला ते पटतं. क्रम बदलला तरी उत्तर तेच राहील ना?

माशेलवासी

कथा आवडली. खाज्यांच्या पुडीचा कागद म्हणजे तेलकट, त्यावर पेन्सिल उमटते का हा वेगळा प्रश्न!

क्रमाचं म्हणाल तर बिनधास्त बदला. सुगावे म्हणजे चाळण्याच. आधी कुठली लावली, नंतर कुठली, शेवटी उरायचं तेच उरतं. ज्या तिकिटावर शून्य दोनदा येतं ते आधी काढलं काय आणि नंतर काढलं काय.

पेडण्याचा पाहुणा

मला तर मुळातच पटलं नाही. लागोपाठच्या दोन संख्यांत एक सम आणि एक विषम असते. त्यांची बेरीज विषमच येणार. २६ कशी येईल? शाळेत हेच शिकवलंय.

आबोली

@पेडण्याचा पाहुणा, ती संख्यांची बेरीज झाली. ४३१९ अधिक ४३२० म्हणजे ८६३९, विषमच आहे. इथे आठ सुटे आकडे मिळवायचे आहेत. ४+३+१+९ सतरा, ४+३+२+० नऊ.

पेडण्याचा पाहुणा

बरोबर, सुटे आकडे. पण मंदाच्या पहिल्या जोड्यांतही विषमच येत होतं की. म्हणजे मी अगदीच वाकड्या वाटेला नव्हतो.

बेरीजवजाबाकी

पाहुणे, तुमचं निम्मं बरोबर आहे आणि मंदाही नेमकी तिथेच अडकली होती. शेवटचा आकडा ९ नसेल तर पुढच्या तिकिटाची अंकबेरीज एकाने वाढते, म्हणून दोन्ही मिळून विषमच. ९ असेल तेव्हा स्कूटरच्या मीटरसारखं होतं, नवाचं शून्य होऊन शेजारचं चाक एक घर सरकतं. नऊ गेले, एक आला, बेरीज आठाने उतरली. आता दोन्ही मिळून सम.

शेवटी दोन नऊ असतील, म्हणजे १२९९ नंतर १३००, तर अठरा जातात आणि एक येतो. सतराची उतरण, आणि बेरीज पुन्हा विषम. तीन नऊ असतील तर सव्वीसची उतरण, पुन्हा सम. म्हणजे सम बेरीज नुसतं एवढंच सांगते की शेवटी एक नऊ आहे किंवा तीन. तीन नऊ असले तर त्यांचेच सत्तावीस होतात, एकट्या पहिल्या तिकिटाची बेरीज सव्वीसच्या वर जाते. ती वाट बंद. कथेत मंदा तीन नवांचं बोलत नाही, पण बोलली नाही म्हणून काही बिघडत नाही.

आता सुरंगीताईंचा प्रश्न. क्रम बदलू नका. बदललात तर कोडं सुटत नाही. जेवण करून सविस्तर लिहितो.

खाजेवाला

आमच्या नावाचा उल्लेख झाला म्हणून आलो. खाजं तेलकट नसतं हो माशेलवासी, वरून गुळाचा पाक आणि आलं असतं. कागद चिकट होतो. पेन्सिल चालते, लहानपणी जत्रेतल्या पुड्यांवर आम्ही फुली-गोळा खेळायचो.

रातआंबा

तिकिटावरून आठवलं. आम्ही दोघी बहिणी मुंबईला निघालो होतो, एकीचं तिकीट पक्कं झालं आणि दुसरीचं वेटिंगवरच राहिलं. थिवीला चढलो, रत्नागिरीपर्यंत एकाच बर्थवर दोघी. लागोपाठचे नंबर असूनही असं कसं होतं? कोणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या महिन्यात परत जायचं आहे.

आबोली

@रातआंबा, एकाच तिकिटावर दोघींची नावं होती की वेगळी तिकिटं काढली होती, त्यावर आहे ते. पण इथे पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांची गोष्ट चालली आहे, वेगळा धागा काढलात तर जास्त उत्तरं मिळतील.

घाटवळण

रेल्वेचं बोलतो, गणितातलं मला कळत नाही. कथेतला मार्ग बरोबर आहे. मुरगाव बंदरापासूनची ही लाइन १८८८ सालची, मीटरगेज. ब्रॉडगेज झाली ती नव्वदच्या दशकात. कुळें ते कॅसलरॉक चढ सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर गेलं की एक मीटर वर. म्हणून कुळ्याला मागून इंजिन लावावंच लागतं, अजूनही लावतात. तिथला थांबा लांबतो, मंदाला विचार करायला वेळ मिळाला हे चोख बसलंय.

पुठ्ठ्याच्या तिकिटाबद्दल मात्र शंका आहे. माझ्या संग्रहात त्या काळातली काही आहेत आणि त्यांवर पाच आकडे आहेत, चार नाहीत. शिवाय अशा तिकिटांचा नवा गठ्ठा शून्यापासून सुरू होई आणि मागचे आकडे भरायला पुढे शून्यं छापलेली असत. मंदाने ०३५९ सारखं तिकीट धरलंच नाही. मग यादी बाराचीच कशी?

आणि धाकटी बारा वर्षांच्या आतली असेल तर तिला अर्धं तिकीट. मग दोघींचे आकडे लागोपाठ येतील का?

सुरंगी

@घाटवळण, मंदा तेराची आहे. आधीच्या भागात तिच्या वाढदिवसाचा उल्लेख आहे, तो इथे दिला नाही. अर्ध्या तिकिटाची भानगड नको म्हणूनच तेरा. बाकीच्या शंकांवर बेरीजवजाबाकी बोलतील तर बरं होईल.

बेरीजवजाबाकी

जेवण झालं. आधी घाटवळण यांच्या शंका, कारण त्या फार नेमक्या आहेत.

पुढचं शून्य: पहिल्या सुगाव्यानंतर ०३५९ नक्कीच चालतं. तेव्हा यादीत पंचेचाळीस तिकिटं आहेत, त्यातली नऊ शून्यावरून सुरू होणारी. पण दुसरा सुगावा येतो, कुठलाच आकडा दोनदा नाही. पहिलं तिकीट नवावर संपतं म्हणजे दुसरं शून्यावर संपणारच. पुढेही शून्य असेल तर दुसऱ्या तिकिटावर दोन शून्यं होतात. ०३५९ च्या पुढचं ०३६०. सगळी नऊ एका झटक्यात बाद. मंदाने ती विचारात घेतली असती तरी यादी बाराचीच राहिली असती.

दुसऱ्या जागेवरच्या शून्याचंही तेच. म्हणून बारापैकी कुठल्याही तिकिटावर पहिल्या दोन जागी शून्य नाही. तिसऱ्या जागी मात्र असू शकतं, कारण पुढच्या तिकिटावर तिथे एक येतो. ३५०९, मग ३५१०.

पाच आकडे: हे मी मुद्दाम करून पाहिलं. पाच आकडे धरले तर पहिल्या चारांची बेरीज आठ हवी. पहिले तीन वेगवेगळे आणि बिनशून्याचे, म्हणजे कमीत कमी १+२+३, सहा. चौथ्या जागेला उरले जास्तीत जास्त दोन. चौथा शून्य असेल तर पुढच्या तिकिटावर तिथे एक येतो, म्हणून पहिल्या तिघांत एक नको. मग किमान २+३+४, नऊ. जास्त झाले. चौथा एक असेल तर एक आणि दोन दोन्ही नकोत, चौथा दोन असेल तर दोन आणि तीन नकोत, तिथेही बेरीज वर जाते. पाच आकडी एकही जोडी बसत नाही. म्हणजे ताईने चार आकडे सांगितले नसते तरी पाच आकडी तिकिटाबाबत हे दोन सुगावे खरे ठरलेच नसते.

घाटवळण

हे भारी आहे. तरी माझ्या तिकिटांवर पाचच आहेत!

बेरीजवजाबाकी

तुमच्या तिकिटांशी माझं भांडण नाही. त्या खिडकीवर चार आकडी गठ्ठा होता की नव्हता हे तुम्हीच ठरवा.

आता क्रम. माशेलवासी म्हणतात सुगावे म्हणजे चाळण्या. पहिल्या दोन सुगाव्यांपुरतं आणि शून्याच्या सुगाव्यापुरतं ते शंभर टक्के खरं आहे. हे तिन्ही सुगावे तिकिटाबद्दल बोलतात. तिकीट काही बदलत नाही, त्यामुळे कुठलाही आधी घ्या.

"पहिला आकडा सांगितला तर तुला कळेल" हे वाक्य तिकिटाबद्दल नाही. ते मंदाच्या यादीबद्दल आहे. ती यादी त्या क्षणी कशी आहे त्यावर त्या वाक्याचा अर्थ ठरतो. यादी बाराची असताना म्हटलं, तर चार आणि सहा हे दोनच आकडे एकेकटे आहेत, म्हणून दोन तिकिटं उरली. मग शून्याने ६२०९ उडालं. एकच राहिलं.

मैत्रिणीच्या क्रमाने करू. कॅसलरॉकला शालन म्हणते, शून्य एकाच तिकिटावर आहे. मंदा २६०९, ६२०९, ३५०९, ५३०९ या चौघांवर फुली मारते. उरली आठ: ३४१९, ४३१९, १५२९, ५१२९, १३४९, ३१४९, १२५९, २१५९. आता लोंढ्याला ते भारी वाक्य. एकावरून तीन, तीनावरून दोन, ती गेली. चाराचं एक आहेच. पण पाचाचं पाहा. आधी ५३०९ आणि ५१२९ अशी दोन होती, आता ५१२९ एकटं पडलं. दोनाचंही तसंच, २६०९ गेल्यावर २१५९ एकटं. शेवटी तीन तिकिटं उरतात: ४३१९, ५१२९, २१५९. मंदाच्या हातात पेन्सिल आहे, लोंढा आलं आहे आणि उत्तर नाही.

माशेलवासी

थांबा, मी स्वतः करून पाहतो.

माशेलवासी

करून पाहिलं. तीनच उरतात. म्हणजे शून्याच्या चाळणीने नुसती तिकिटं काढली नाहीत, उरलेल्यांना एकटं पाडलं, आणि एकटं पडणं हाच तर पुढच्या वाक्याचा मुद्दा. माझं चाळणीचं म्हणणं त्या एका वाक्याला लागू नाही. बाकी तिघांना लागू आहे, ते मी सोडत नाही!

आबोली

माझा आक्षेप वेगळा आहे. "तुला कळेल" हे शालन कशाच्या जोरावर म्हणते? मंदाच्या यादीत एखादं तिकीट राहून गेलं असतं तर? समजा मंदा १२५९ लिहायला विसरली. किंवा तिला यादी करताच आली नाही. मग पहिला आकडा सांगूनही तिला कळलं नसतं, आणि ताई खोटं बोलली असं झालं असतं.

बेरीजवजाबाकी

खरा आक्षेप आहे. अशा कोड्यांत ऐकणारा अचूक विचार करतो हे धरून चालावं लागतं. पण सुरंगीताईंनी इथे ती अडचण कथेतच सोडवली आहे, तुमच्या लक्षात आलं का पाहा. मंदा यादी मोठ्याने वाचते. बाराही आकडे दोघींच्या कानावर पडले आहेत. शालन कागद मागून घेऊन बोट फिरवते, म्हणजे ती मंदाचीच यादी तपासते आहे. त्यानंतरच ती ते वाक्य बोलते. मनातल्या यादीबद्दल बोलली असती तर तुमचा आक्षेप टिकला असता.

म्हणून ते यादी वाचण्याचं वाक्य कुठल्याही परिस्थितीत काढू नका. छापताना जागा कमी पडली की असले आकडे पहिले उडवतात.

आबोली

मान्य, पण अर्धवट. शालनला ती यादी पुरी आहे हे कसं कळलं? तिने स्वतः बाराची बारा शोधल्याशिवाय कळणार नाही. ती तर तिकिटं हातात घेऊन बसली आहे, कागद-पेन्सिल मंदाकडे.

सुरंगी

शालन हिशेबात पक्की आहे. दुकानात बाबांच्या खतावणीच्या बेरजा तोंडी करते असं सुरुवातीला आहे. घाट चढायला गाडीला वेळ लागतो, तेवढ्यात तिने मनात केलं असं मी धरलं. एवढं पुरेल का?

आबोली

मला नाही पुरत. पंचेचाळिसांतून बारा तोंडी काढायचे म्हणजे फार झालं. निदान तिची बोटं हलताना दाखवा.

खाजेवाला

आमच्या आईने जत्रेत तीस गिऱ्हाइकांचे हिशेब तोंडी ठेवलेले पाहिले आहेत मी. जमतं हो.

बेरीजवजाबाकी

तोंडी करायची एक सोपी वाट आहे. तिसऱ्या जागेवरून सुरुवात करायची. तिसरा आकडा शून्य असेल तर पहिल्या दोघांची बेरीज आठ, आणि त्यांत शून्य नको, एक नको. उरतात दोन-सहा आणि तीन-पाच. तिसरा एक असेल तर बेरीज सात, एक-दोन नकोत, नुसतं तीन-चार. तिसरा दोन असेल तर एक-पाच. तिसरा तीन असेल तर बेरीज पाच, पण एक-चारात चार अडतो, कारण पुढच्या तिकिटावर तीनाचा चार होतो, आणि दोन-तीनात तीन अडतो. काहीच नाही. चार असेल तर एक-तीन, पाच असेल तर एक-दोन. सहा असेल तर एक-एक, ते दोनदा येतं. सहा जोड्या, प्रत्येक उलटसुलट, बारा. मंदाने यादी याच क्रमाने वाचली आहे, म्हणजे तीही अशीच गेली असणार. हिशेबाची सवय असलेल्या मुलीला हे तोंडी अशक्य नाही.

पेडण्याचा पाहुणा

आता मलाही जमलं. रात्री मुलीला घातलं कोडं, मूळ क्रमाने. तिने पहिला अर्धा तास विषम बेरजेतच घालवला. बापावर गेली आहे.

पण एक सांगा, मैत्रिणीचंही चुकलं नाही ना? शेवटी शून्याचं वाक्य आलं की जरा मिळमिळीत वाटतं. दोन तिकिटं उरली आहेत, एकावर फुली, संपलं. भारी वाक्य शेवटी यायला हवं हे मलाही वाटतं.

सुरंगी

तेच माझं दुखणं आहे. बेरीजवजाबाकींनी दाखवल्यावर क्रम बदलायचा प्रश्न उरला नाही, तीन उत्तरांची कथा मी देणार नाही. पण लोंढ्याचा प्रसंग मला अजून जोरदार हवा आहे. दुसरा एखादा सुगावा शेवटी घालता येईल का? उदाहरणार्थ, दुसरा आकडा सांगितला तर कळेल, असं काही?

बेरीजवजाबाकी

पाहिलं. शून्यानंतरच्या आठांत दुसरा आकडा सांगून कळणारी तिकिटं ३४१९, १५२९ आणि १२५९. पुन्हा तीन, आणि त्यात आपलं तिकीटच नाही. तिसऱ्या आकड्याने कधीच कळत नाही, कारण पहिले दोन आकडे उलटे केले की तिसरा तोच राहतो. प्रत्येक जोडीचा जुळा भाऊ यादीत बसलेला आहे.

कुडचडे नाका

उशिरा आलो, सगळा धागा वाचून काढला. आमचं गाव याच लाइनीवर आहे म्हणून जास्तच रस.

भारी वाक्य शेवटी हवं असेल तर ते शेवटीच ठेवा, फक्त ते लोंढ्याच्या यादीबद्दल नको, कॅसलरॉकच्या यादीबद्दल ठेवा. शून्याचा सुगावा आधी द्या. मंदाकडे आठ तिकिटं उरू द्या, आणि ती म्हणू दे, अजून खूप आहेत. मग लोंढ्याला शालन म्हणते: "शून्याचं सांगायच्या आधी, तुझी बारा होती ना, तेव्हाच पहिला आकडा सांगितला असता तरी तुला कळलं असतं."

आता मंदाला मागे जावं लागतं. आठांत पाहून चालणार नाही, फुल्या मारलेली चार तिकिटंही परत मोजावी लागतात. बारांत एकेकटे दोनच, ६२०९ आणि ४३१९. त्यातलं ६२०९ शून्याने आधीच गेलेलं. राहिलं ४३१९.

बेरीजवजाबाकी

तपासलं. बरोबर आहे, उत्तर एकच येतं. वाक्य शेवटी आलं तरी ते कुठल्या यादीबद्दल आहे हे त्यात बांधून टाकलं आहे, म्हणून क्रमाची बाधा लागत नाही. ५१२९ इथे फसवं आहे. आठांत ते एकटं दिसतं, पण बारांत त्याच्यासोबत ५३०९ होतं. मंदाने घाईत ५१२९ वर बोट ठेवलं आणि मग फुली मारलेल्या ५३०९ कडे तिचं लक्ष गेलं, असं दाखवता आलं तर वाचकालाही नेमकं कळेल काय झालं ते.

आबोली

हे मला मूळ कथेपेक्षा जास्त आवडलं. फुली मारलेली तिकिटं परत कामाला येतात. पण वाचकाला झेपेल का? "कळेल" आणि "कळलं असतं" यातला फरक घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटेल. तो आठांतच शोधेल, तीन सापडतील, आणि कोडं चुकलंय म्हणून लेखिकेला फोन करेल.

माशेलवासी

फोन करू दे की! मी तर पहिल्याच दिवशी चुकीचं उत्तर देऊन बसलो होतो आणि त्यामुळेच पेन्सिल घेऊन बसलो.

घाटवळण

कॅसलरॉक ते लोंढा अंतर फार नाही, पण मीटरगेजची गाडी होती, त्यात इंजिन काढायला कॅसलरॉकला थांबा. मंदाला आठांवर डोकं खाजवायला वेळ पुरतो. आकडे चारच ठेवणार असाल तर माझी तक्रार नोंदवून ठेवा.

सुरंगी

@कुडचडे नाका, हेच घेते. शून्य कॅसलरॉकला, "कळलं असतं" लोंढ्याला, आणि मध्ये ५१२९ वर ठेवलेलं बोट. यादी मोठ्याने वाचण्याचं वाक्य जसंच्या तसं राहील. त्यात भर एवढीच की शालन कागद परत देताना म्हणेल, "बारा बरोबर आहेत, एकही राहिलेलं नाही." आबोली, शालनने ते कसं ताडलं याचा एक परिच्छेद घाटात घालते, बेरीजवजाबाकींच्या तिसऱ्या आकड्याच्या वाटेने. तरी पटलं नाही तर सांगा, अंक रविवारी बांधायला जाणार आहे.

घाटवळण, पाच आकडी तिकिटाचा एक फोटो इथे टाकाल का? चार आकडी कोणाकडे असेल तर त्याचाही.

आबोली

घाटातला परिच्छेद आधी वाचायला द्या, मग सांगते.

रातआंबा

वेगळा धागा काढला आहे. बहिणीचं तिकीट वेगळंच काढलं होतं, ते आता समजलं. बाकी ४३१९ मला आठांतूनच आलं, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते नुसतं नशिबाने आलं असणार. परत बसते.